दोन साहेब, एक आकडा: साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतील एक प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याचे आहे. कारखान्याचे आणि त्यातील व्यक्तींचे नाव इथे देत नाही, कारण त्या हंगामात ज्यांच्यात वाद झाला ते दोघेही आपापल्या कामात जाणकार होते आणि कोणाला दोषी ठरवणे हा या लेखनाचा हेतू नाही. मी त्या वेळी प्रयोगशाळा प्रमुख होतो. चीफ केमिस्ट हे माझे थेट वरिष्ठ होते. चीफ इंजिनिअर माझ्या विभागाचे नव्हते, पण सेवाज्येष्ठतेने दोघेही बरोबरीचे होते आणि कार्यकारी संचालकांच्या सकाळच्या बैठकीत समोरासमोर बसत असत. त्यांच्या वादात तटस्थ राहणे म्हणजे दोघांपासून सारख्याच अंतरावर उभे राहणे, असे सुरुवातीला मला वाटत होते. प्रत्यक्षात ते अंतर सारखे नव्हतेच. एकाच्या सहीशिवाय माझी रजासुद्धा मंजूर होत नव्हती.

कारखाना रोज सुमारे 5,000 टन ऊस गाळत होता. जानेवारीत दहा-बारा दिवसांत साखर उतारा, म्हणजे शंभर टन उसामागे मिळणारी साखर, 11.60 वरून 11.20 टक्क्यांवर आला. बाहेरच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल, पण 5,000 टनांवर 0.40 टक्के म्हणजे दिवसाला 20 टन, अर्थात 200 क्विंटल साखर कमी. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे या घटीचा संबंध थेट सभासद शेतकऱ्याच्या बिलाशीही पोहोचतो. त्यामुळे कार्यकारी संचालकांनी रोजच्या बैठकीत एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: साखर जाते कुठे?

साखर कारखान्यात या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चासारखे मांडता येते. उसातून आलेल्या एकूण साखरेतून पोत्यांत भरलेली साखर वजा केली की उरते ते नुकसान, आणि ते नुकसान चार खात्यांत विभागले जाते. पहिले बगॅसमधून, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यातून, बॉयलरकडे गेलेले, दुसरे मळीतून गेलेले, तिसरे प्रेसमडमधून, म्हणजे रस स्वच्छ करताना निघणाऱ्या गाळातून गेलेले, आणि चौथे ज्याचा माग लागला नाही ते, म्हणजे अज्ञात नुकसान. उतारा घसरण्यापूर्वी आमच्या दैनिक उत्पादन अहवालात उसातील साखर 13.40 टक्के होती आणि नुकसान बगॅसमध्ये 0.56, मळीत 1.10, प्रेसमडमध्ये 0.06 व अज्ञात 0.08 असे एकूण 1.80 होते. उतारा घसरल्यानंतर उसातील साखर 13.32 झाली आणि तेच आकडे अनुक्रमे 0.63, 1.23, 0.06 आणि 0.20, एकूण 2.12 असे झाले.

हे आकडे नीट पाहिले की वाद कुठून सुरू झाला ते कळते. बगॅसचे नुकसान वाढले म्हणजे मिलमध्ये उसाचे पिळणे कमी पडले, आणि मिल चीफ इंजिनिअरांची. मळीचे नुकसान वाढले म्हणजे रस उकळून साखर वेगळी करण्याच्या कामात, म्हणजे पॅन हाउसमध्ये, उणीव राहिली, आणि ते काम चीफ केमिस्टांचे. अज्ञात नुकसान कोणाचेच नसते, म्हणून ते दोघेही एकमेकांकडे ढकलू शकतात. आणि हे सर्व आकडे काढणारी प्रयोगशाळा मात्र एकच असते.

दोघांनीही मला खोटे लिहायला सांगितले नव्हते, आणि या प्रकरणातला अवघड भाग नेमका तोच होता. खोटे लिहायला सांगितले असते तर नाही म्हणणे सोपे होते. चीफ केमिस्ट सकाळी नऊच्या आधी, अहवालावर सही करण्यापूर्वी, माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “बगॅसचा पोल 2.20 आलाय ना? मग शेरा लिही, मिलचे काम समाधानकारक नसल्याने उतारा घटला. आकडा तुझाच आहे, मी काही बदलायला सांगत नाही.” त्याच दिवशी संध्याकाळी मिल हाउसच्या जिन्यापाशी चीफ इंजिनिअरांनी मला चहाला थांबवले. ते म्हणाले, “मळीची शुद्धता किती चढली आहे ते तुम्हाला माहीत आहे. उद्या बैठकीत तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून आले तर एमडी साहेब ऐकतील. आम्ही सांगितले तर भांडण वाटते.”

दोघांचीही विधाने खरी होती. बगॅसचा पोल, म्हणजे त्यात राहून गेलेल्या साखरेचे शेकडा प्रमाण, 1.95 वरून 2.20 वर गेला होता, आणि मळीची शुद्धता, म्हणजे तिच्यातील घन पदार्थांत साखरेचा वाटा, तीही सुमारे एक अंशाने चढली होती. दोघांनाही माझ्याकडून हवा होता तो आकडा नव्हे, तर त्या आकड्यापुढचा “त्यामुळे” हा शब्द. तो शब्द लिहिण्याइतपत पुरावा माझ्याकडे तेव्हा नव्हता. पण एवढी स्पष्टता मला त्या दिवशी नव्हती, आणि म्हणून माझ्याकडून एक चूक झाली.

चीफ केमिस्टांना मी सांगितले की शेऱ्याचे नंतर बघू. हे उत्तर त्यांनी होकार म्हणून घेतले. चीफ इंजिनिअरांनी मळीच्या शुद्धतेचे मागील आठ दिवसांचे आकडे मागितले, तेव्हा मी खिशातल्या कागदावर ते लिहून दिले. नाहीतरी ते अहवालात छापलेलेच होते, त्यामुळे त्यात गुप्त असे काही नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तोच कागद माझ्या हस्ताक्षरासह टेबलावर आला आणि त्यासोबत वाक्य आले, “हे लॅबचेच म्हणणे आहे.” माझे तसे म्हणणे नव्हते, मी फक्त आठ आकडे लिहिले होते. पण एकाला खासगीत दिलेला आकडा हा आकडा राहत नाही, त्याला बाजू चिकटते. चीफ केमिस्ट बैठकीत काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मात्र एवढेच म्हणाले, “आपल्या लॅबमधला कागद मला बैठकीत पाहायला मिळतो, हे बरे नाही.” ते बरोबर होते.

त्याच दुपारी मी त्यांच्या केबिनमध्ये स्वतःहून गेलो. कागद मी दिला, तो देण्याआधी तुम्हाला सांगायला हवे होते, ते सांगितले नाही, ही चूक माझी आहे, असे सरळ सांगितले. त्यासोबतच शेऱ्याबद्दलचे उत्तरही दिले, जे आदल्या दिवशीच द्यायला हवे होते: “साहेब, बगॅसचा पोल 2.20 आहे हे मी लिहीन आणि विचारतील तिथे सांगेन. त्यामुळे उतारा घटला, हे मी लिहू शकणार नाही. उतारा 0.40 ने घटला आहे आणि बगॅसमध्ये वाढ 0.07 चीच आहे. मळीचे कारणही मी लिहिणार नाही.” त्यांना ते आवडले नाही. पण हेच शब्द मी अर्ध्या तासाने चीफ इंजिनिअरांनाही सांगणार आहे, हे मी त्यांना आधी सांगितले आणि तसेच केले. तिथे मी वाक्य बदलले नाही. एका साहेबांना मऊ आणि दुसऱ्याला कडक सांगितले असते, तर दोघांनी कधीतरी एकत्र बसून माझे बोलणे ताडून पाहिले असते तेव्हा मी उघडा पडलो असतो. अशा वेळी लोक ताडून पाहतातच.

यानंतर प्रश्न राहिला तो कामाचा. “मी कारण सांगणार नाही” एवढे म्हणून थांबणे मला पटत नव्हते. रोज 200 क्विंटल साखर जात असताना प्रयोगशाळेने हात झटकणे म्हणजे तटस्थता नव्हे, कामचुकारपणा झाला असता. शिवाय गप्प बसलेल्या माणसाचे मौन प्रत्येक बाजू आपापल्या सोयीने वाचते, याचा अनुभव मी नुकताच घेतला होता. म्हणून मी कार्यकारी संचालकांना एक पानी टिपण दिले आणि त्याच्या प्रती दोन्ही साहेबांना एकाच वेळी पोहोचवल्या. त्यात सुचवले होते की तीन दिवस बगॅस, मळी आणि कंडेन्सरच्या पाण्याचे नमुने दोन्ही विभागांचा एकेक माणूस समोर असताना घ्यावेत, प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक भाग सील करून ठेवावा, आणि नमुना कुठून, किती वेळाने आणि कसा घ्यायचा हे आधी लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. आकडा हाती आल्यानंतर पद्धतीवर वाद करणे सोपे असते, आधी सही केलेली असली की ते कठीण होते. त्यामुळे त्या पानावरच्या सगळ्या ओळींत सह्यांची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती.

पद्धत लिहिताना पहिली उणीव सापडली ती आमच्याच घरात. बगॅसचा नमुना दर तासाला शेवटच्या मिलमधून बाहेर पडणाऱ्या थरातून घ्यायचा असतो, आणि तो थराच्या पूर्ण रुंदीतून घ्यायला हवा. आमचा नमुना घेणारा मुलगा मात्र वर्षानुवर्षे एकाच कडेचा बगॅस झाकणाच्या डब्यात घेत असे, कारण चालण्याची फळी त्याच कडेला होती आणि मधोमध हात पोहोचत नव्हता. हे त्याने लपवले नव्हते. आम्ही कोणी विचारले नव्हते. मी ही गोष्ट दोन्ही साहेबांना मोजणी सुरू होण्यापूर्वीच लेखी कळवली. माझ्या विभागाची चूक असल्यामुळे ती आधी माझ्याकडून बाहेर येणे आवश्यक होते. ती चीफ इंजिनिअरांना शोधून काढावी लागली असती, तर पुढच्या कोणत्याही आकड्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता आणि ठेवायचे कारणही नव्हते.

तीन ठिकाणांहून नमुने घेतले. प्रत्येक वेळी ठरावीक वजनाचा बगॅस सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळला, गाळला आणि पोलरीमीटरच्या लांब नळीत वाचला. चीफ इंजिनिअरांचा माणूस पहिल्या दिवशी नळीत डोकावून पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच वजने लिहून घेऊ लागला. नेहमीच्या कडेचा पोल 2.20, मधला 1.90 आणि पलीकडच्या कडेचा 2.00 आला. सरासरी 2.03. म्हणजे बगॅसचे खरे नुकसान 0.63 नव्हे, 0.58 होते, आणि वाढ 0.07 ची नसून 0.02 ची होती.

इथे एक बारकावा आहे आणि तो सांगितल्याशिवाय हा आकडा पुढे पाठवणे योग्य झाले नसते. उसातील साखर आपण थेट मोजत नाही. मिश्र रसातील साखर आणि बगॅसमधील साखर यांची बेरीज करून ती काढतो. त्यामुळे बगॅसचा आकडा 0.05 ने खाली आला की उसातील साखरही 13.32 वरून 13.27 होते, आणि अज्ञात नुकसान जिथे होते तिथेच, 0.20 वरच राहते. चीफ इंजिनिअरांना वाटत होते की बगॅसचा दोष कमी झाला म्हणजे तेवढा भार आपोआप पॅन हाउसवर जाईल. तसे होत नाही, हे मला त्यांना कागदावर करून दाखवावे लागले. त्यांच्या बाजूचा निकाल लागला असताना त्याच बैठकीत त्यांचा पुढचा निष्कर्ष खोडणे जड गेले, पण आदल्या आठवड्यात चीफ केमिस्टांचा “त्यामुळे” नाकारला होता, तसाच हाही नाकारणे भाग होते.

नेहमीची कडच एवढी वाईट का, याचा शोध त्यांच्याच फिटरने लावला. मिलवर बगॅस धुण्यासाठी जे पाणी सोडतात, त्या पाइपाची त्या कडेची भोके चोंदली होती आणि तिथे पाणी पडतच नव्हते. भोके मोकळी असेपर्यंत कोणत्याही कडेचा नमुना जवळपास सारखाच यायचा, म्हणून आमची चुकीची पद्धत इतकी वर्षे खपून गेली होती. चूक आमची होतीच, पण दोष त्यांच्या पाइपातही होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच अहवालात एकाखाली एक लिहिल्या गेल्या.

मळीच्या नमुन्यांनी चीफ केमिस्टांना दिलासा दिला नाही. वाढ खरी होती. पॅन हाउसमध्ये साठा वाढल्यामुळे शेवटच्या प्रतीच्या मॅसेक्विटला, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांच्या घट्ट मिश्रणाला, क्रिस्टलायझरमध्ये थंड व्हायला पुरेसा वेळ मिळत नव्हता आणि ते अर्धवट स्थितीतच सेंट्रिफ्यूगलवर उतरवले जात होते, असे नोंदवहीतील वेळांवरून दिसत होते. मी वेळा लिहिल्या. साठा का वाढला हे लिहिले नाही, कारण त्याच काळात मिल एकदा चौदा तास बंद पडून मग जोराने चालवली गेली होती आणि या दोन गोष्टींतील कार्यकारणभाव ठरवणे प्रयोगशाळेच्या नळ्यांत बसत नव्हते.

सर्वांत कसोटी लागली ती अज्ञात नुकसानाच्या वेळी. साखरेचे सूक्ष्म थेंब पॅनमधून वाफेबरोबर उडून कंडेन्सरच्या पाण्यात जाऊ शकतात. त्यासाठी जुनी, सोपी चाचणी आहे: परीक्षानळीत थोडे पाणी घ्यायचे, त्यात अल्फा नॅफ्थॉलच्या द्रावणाचे काही थेंब टाकायचे आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल नळीच्या कडेने हळूच सोडायचे. साखर असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे उमटते. तिसऱ्या नंबरच्या पॅनच्या पाण्यात रात्रीच्या पाळीत हे कडे चार वेळा दिसले, दोघांच्या माणसांसमोर. इतर पॅनच्या पाण्यात ते दिसले नाही.

बैठकीत दोघेही एकदमच बोलू लागले. चीफ इंजिनिअरांचे म्हणणे होते की पॅनमन पॅन गळ्यापर्यंत भरतो, म्हणून रस उडतो. चीफ केमिस्टांचे म्हणणे होते की व्हॅक्यूम स्थिर राहत नाही, तो एकदम चढतो आणि उकळी उसळते. मग दोघेही माझ्याकडे वळले आणि कार्यकारी संचालकांनीही विचारले, “तुमचे मत काय?” मी सांगितले, “साहेब, या पाण्यात या वेळी साखर होती, हे मी खात्रीने सांगतो. ती का आली, हे नळी सांगत नाही. त्या चार वेळांचा पॅनच्या पातळीचा आणि व्हॅक्यूमचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला तर कळेल. पातळीची नोंद उत्पादन विभागाकडे आहे, व्हॅक्यूमची इंजिनिअरिंगकडे. दोन्ही मागवावेत.” दोन्ही तक्ते आले. चारपैकी तीन वेळा पातळी खुणेच्या वर होती आणि त्या तिन्ही वेळा व्हॅक्यूमही झटक्याने चढलेला होता. चौथ्या वेळी पातळी बरोबर होती आणि फक्त व्हॅक्यूम चढला होता. दोघांपैकी कोणाचेही म्हणणे पूर्ण खोडता आले नाही आणि कोणाचे एकट्याचे टिकलेही नाही.

याच आठवड्यात एक प्रसंग असा आला की जिथे तटस्थतेचा प्रश्नच उरला नाही. अज्ञात नुकसान 0.20 हा आकडा अहवालात खुपत होता आणि चीफ केमिस्टांनी सुचवले की मळीचे वजन थोडे वाढवून दाखवले तर तो खाली येईल. मळी नाहीतरी वाढलेलीच आहे. इथे दोन साहेबांच्या मध्ये उभे राहण्याचा मुद्दाच नव्हता. ती नोंद बदलणे होते, आणि मळीचे वजन टाकीच्या मोजणीशी आणि उत्पादन शुल्क विभागाच्या नोंदींशी जुळावे लागते. मी नाही म्हटले, एकट्यात आणि आदराने, पण स्पष्ट. पुन्हा मागणी आली तर लेखी मागावी, असेही सांगितले. पुन्हा मागणी आली नाही, म्हणून मी तो विषय कुणापुढे नेला नाही. आली असती तर नेला असता, आणि हे त्यांना माहीत होते.

पाइपाची भोके साफ झाली, क्रिस्टलायझरमधला वेळ वाढवण्यासाठी दोन दिवस गाळप थोडे कमी ठेवले, पॅनवर पातळीची लाल खूण आखली आणि व्हॅक्यूम पंपाचा एक वाल्व्ह बदलला. पुढच्या दहा-बारा दिवसांत उतारा 11.42 पर्यंत आला, 11.60 पुन्हा दिसला नाही, कारण तोवर उसाचीच साखर बदलली होती. चीफ इंजिनिअरांशी माझे संबंध पूर्वीपेक्षा मोकळे झाले. चीफ केमिस्ट हंगाम संपेपर्यंत कामापुरतेच बोलत राहिले आणि त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात शेरा एक पायरी खाली आला. त्यांनी मला बोलावून तो दाखवला आणि कारणही सांगितले: त्यांच्या मते, बाहेरच्या विभागासमोर विभागप्रमुखाची बाजू घेणे हे माझे काम होते. मी त्यांचे ऐकून घेतले, सही केली आणि माझे म्हणणे त्या शेऱ्याखालच्या रकान्यात तीन ओळींत लिहिले.

वर्कशॉपने शेवटच्या मिलवर आडवी फळी बसवून दिली. बगॅसच्या नोंदवहीत तेव्हापासून तीन रकाने आहेत, डावी कड, मध्य आणि उजवी कड, आणि पाळीच्या शेवटी तिथे दोन सह्या असतात, एक प्रयोगशाळेची आणि एक मिलची.